पिशवी जोडली की हुडहुडी भरते

माझ्या बाबांचं वय ५६, वजन ५० किलो. तीन वर्षांपूर्वी आतड्याची रक्तवाहिनी बंद पडली आणि लहान आतडं ७० सेंटिमीटर उरलं. ते मोठ्या आतड्याला जोडलंय. तेव्हापासून रोज रात्री दहा तास छातीतून मोठ्या शिरेत बसवलेल्या हिकमन लाइन या नळीतून घरीच टीपीएन, म्हणजे शिरेतून पूर्ण पोषण, चालतं. पिशवीत डेक्स्ट्रोज ३०० ग्रॅम, अमिनो आम्लं ६५ ग्रॅम आणि २० टक्क्यांचं सोयाबीन लिपिड २५० मिली असतं. शिवाय रोज ट्रेस एलिमेंट, म्हणजे सूक्ष्म मात्रेत लागणाऱ्या धातूंची एक अँप्यूल. तिच्यावर लिहिलंय: झिंक ५ मिलिग्रॅम, तांबं १ मिलिग्रॅम, मँगनीज ५०० मायक्रोग्रॅम, क्रोमियम १० मायक्रोग्रॅम. लिव्हरच्या तपासण्यांत सहा महिन्यांत अल्कलाइन फॉस्फेटेज ३१० आणि जीजीटी २४० पर्यंत गेलं. बिलिरुबिन या महिन्यात १.१ वरून २.४ झालं. गेल्या आठवड्यात दोनदा पिशवी जोडल्यावर अर्ध्या तासात हुडहुडी भरली, पॅरासिटामॉल दिल्यावर सकाळी बरं वाटलं. दाह दाखवणारं सीआरपी ६४, रक्तातलं तांबं १७५, झिंक ४८. नस सापडत नाही म्हणून लॅबवाला लाइनमधूनच रक्त काढतो. एक डॉक्टर म्हणतात ट्रेस एलिमेंट बंद करा, दुसरे म्हणतात लिव्हर गेलंय, टीपीएनच कमी करा. कोणाचं ऐकू?
— एक मुलगी, सांगली

ताई, आज रात्रीची पिशवी जोडू नका. लिव्हर आणि तांबं-जस्त यांचं पुढे बघू. पिशवी सुरू झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात हुडहुडी भरते आणि नंतर आपोआप उतरते, हे लाइनमध्ये जंतू बसल्याचं लक्षण आहे, आणि तसं नाही हे सिद्ध होईपर्यंत तेच धरून चालायचं. लाइनच्या आतल्या भिंतीवर जंतूंचा बुळबुळीत थर जमतो. पिशवीचा प्रवाह सुरू झाला की त्या थरातले जंतू सुटून थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत जातात. रात्री ताप येतो, सकाळी माणूस चहा पिऊन पेपर वाचत बसतो आणि घरच्यांना वाटतं, गेलं. गेलेलं काही नसतं. पॅरासिटामॉलने फक्त थर्मामीटर खाली येतो.

आजच बाबांना घेऊन रुग्णालयात जा आणि एका गोष्टीवर अडून बसा: अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघण्याची तपासणी, घ्यायला हवं. एक संच लाइनमधून आणि एक हाताच्या नसेतून, दोन्ही एकाच वेळी. प्रत्येक बाटलीत साधारण १० मिली रक्त, दोन्हीकडे सारखंच. बाटलीवर ‘लाइन’ किंवा ‘हात’ आणि घेतल्याची वेळ लिहिलेली असावी. प्रयोगशाळेत स्वयंचलित कल्चर यंत्र असेल तर प्रत्येक बाटलीत जंतू वाढल्याचं किती तासांनी कळलं ते त्यांच्याकडे नोंदलेलं असतं. लाइनची बाटली हाताच्या बाटलीपेक्षा दोन तास किंवा त्याहून आधी पॉझिटिव्ह आली, तर उगम लाइनमध्येच आहे. रिपोर्टवर ही वेळ बहुधा छापत नाहीत, मागावी लागते. एका बाटलीत कमी आणि दुसरीत जास्त रक्त गेलं तर ही तुलनाच फसते, म्हणून मापाचा एवढा आग्रह.

हाताची नस सापडत नाही, ही तुमची अडचण खरी आहे. तरी या एका दिवसासाठी भूलतज्ज्ञाला किंवा सोनोग्राफीखाली नस शोधणाऱ्याला बोलावून घ्या. नुसत्या लाइनच्या कल्चरमध्ये जंतू निघाले तर ते रक्तातले की लाइनच्या टोपणावरचे, हा वाद संपत नाही.

दोन चुका नेहमी होतात. पावसाळ्यात थंडी वाजून ताप आला की आपल्याकडे मलेरिया आणि डेंग्यूची तपासणी होते आणि दोन दिवस वाट पाहिली जाते. त्या तपासण्या जरूर करा, पण कल्चर त्याच तासात व्हायला हवं. दुसरी चूक उलट टोकाची: ताप आला म्हणजे लाइन काढाच. टीपीएनवर वर्षानुवर्षं जगणाऱ्या माणसाच्या मोठ्या शिरा मोजक्याच असतात आणि एक लाइन काढली की बहुतेकदा एक जागा खर्ची पडते. त्वचेवर नेहमी असणारा, कोअॅग्युलेज-निगेटिव्ह गटातला स्टॅफिलोकॉकस निघाला, रक्तदाब ठीक असला आणि लाइन त्वचेखालून जाते त्या बोगद्याच्या मार्गावर पू नसला, तर शिरेतून अँटिबायोटिक आणि लाइनच्या पोकळीत अँटिबायोटिक भरून ठेवून, म्हणजे त्याचं लॉक देऊन, १० ते १४ दिवसांत लाइन वाचवता येते. पण स्टॅफिलोकॉकस ऑरियस किंवा कँडिडासारखी बुरशी निघाली तर लाइन काढायचीच. मग हृदयाच्या झडपांसाठी इको करायचा आणि बुरशी असेल तर डोळ्यांचा पडदाही तपासून घ्यायचा. रक्तदाब घसरला असेल, किंवा लाइनच्या मार्गावरची लाली बाहेर पडण्याच्या जागेपासून २ सेंटिमीटरच्या पुढे पसरली असेल, तर जंतूचं नाव कळायची वाट न बघता लाइन काढतात.

यापुढे पिशवी चालू असताना थंडी वाजली तर पंप बंद करा, क्लँप लावा आणि लाइन फ्लश करू नका. फ्लश केलं तर आतला थर तुम्हीच रक्तात ढकलता. उरलेली पिशवी फेकू नका, सोबत न्या. पिशवी अचानक थांबवल्यावर अर्ध्या ते एका तासात साखर तपासा, कारण डेक्स्ट्रोज थांबतं पण अंगातलं इन्सुलिन काही वेळ चालूच राहतं.

आता लिव्हर. बिलिरुबिन एका महिन्यात दुपटीवर गेलं म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी लिव्हर गेलं असं म्हटलं असावं. पण सहा महिने हळूहळू चढलेलं फॉस्फेटेज आणि एका महिन्यात उसळलेलं बिलिरुबिन या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. रक्तात जंतू असले की दाहामुळे लिव्हरच्या पेशींतून पित्त बाहेर टाकण्याचं काम मंदावतं आणि कावीळ दिसते. काही वेळा लाइनच्या संसर्गात ताप येतच नाही, नुसतं बिलिरुबिन वाढतं आणि अल्ब्युमिन घसरतं. म्हणून बिलिरुबिनचा हा आकडा लाइनचा निकाल लागेपर्यंत लिव्हरच्या नावावर लिहू नका. संसर्ग गेल्यावर, सीआरपी १० च्या खाली आल्यावर, चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा तपासा. तोपर्यंत डायरेक्ट बिलिरुबिन वेगळं मागून घ्या आणि पोटाची सोनोग्राफी करा. पित्ताशयात गाळ किंवा खडा आहे का, पित्तनलिका फुगलीय का, हे त्यात कळतं. तोंडाने कमी खाणाऱ्याचं पित्ताशय आकुंचन पावत नाही आणि त्यात गाळ साचत जातो. लहान आतडं अपुरं असलं तरी बाबांनी दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खावं असं सांगतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

सहा महिन्यांची हळू चढण मात्र पिशवीच्या हिशोबात दिसते. बाबांच्या पिशवीचं गणित करू. ३०० ग्रॅम डेक्स्ट्रोज म्हणजे ३,००,००० मिलिग्रॅम. दहा तास म्हणजे ६०० मिनिटं आणि वजन ५० किलो. भागाकार केला की दर किलोला दर मिनिटाला १० मिलिग्रॅम येतात. घरच्या रात्रीच्या टीपीएनमध्ये हा वेग ५ ते ७ च्या पुढे जाऊ नये, कारण शरीर तेवढी साखर जाळू शकत नाही. उरलेल्या साखरेची लिव्हरमध्ये चरबी होते. आता कॅलरी: डेक्स्ट्रोजच्या १०२०, लिपिडच्या ५००, अमिनो आम्लांच्या २६०, एकूण १७८०. दर किलोला जवळजवळ ३६, आणि त्यात बाबा जे तोंडाने खातात ते धरलेलं नाही. तीन वर्षांपूर्वी ऑपरेशननंतर हाडं दिसत होती तेव्हा हे बरोबर असेल. वजन सावरल्यावर पिशवी तशीच चालू राहिली, एवढाच घोळ आहे. जुनं प्रिस्क्रिप्शन कोणी पुन्हा वाचत नाही.

लिपिडचा मुद्दा थोडा वेगळा आहे. २० टक्क्यांच्या २५० मिलीमध्ये ५० ग्रॅम चरबी, म्हणजे रोज दर किलोला १ ग्रॅम. दीर्घकाळ टीपीएन घेणाऱ्या प्रौढाला निव्वळ सोयाबीन तेलाचं लिपिड रोज दर किलोला १ ग्रॅमच्या आतच द्यावं, असं युरोपीय पोषण संघटनेचं मार्गदर्शन सांगतं. बाबा बरोबर त्या रेषेवर आहेत, आणि फॉस्फेटेज वाढत असताना रेषेवर राहू नये. सोयाबीन तेलातली फायटोस्टेरॉलं, म्हणजे कोलेस्टेरॉलसारखे वनस्पतीतले पदार्थ, पित्ताचा प्रवाह अडवतात असा संशय आहे. शिवाय ओमेगा-६ जास्त आणि व्हिटॅमिन ई कमी.

तर तुमच्या डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना विचारायचा प्रश्न ‘टीपीएन कमी करायचं का’ हा नाही. ‘डेक्स्ट्रोज २०० ग्रॅमवर आणून वेळ १२ तास करायची का, आणि सोयाबीन लिपिड आठवड्यातून तीनच रात्री द्यायचं का’ असं विचारा. तसं केलं तर साखरेचा वेग सुमारे ५.६ वर येतो. लिपिड आठवड्याला १५० ग्रॅम होतं, म्हणजे रोजचं सरासरी दर किलोला ०.४३ ग्रॅम. आवश्यक मेदाम्लांसाठी तेवढं पुरतं. पिशवीतल्या कॅलरी सरासरी ११५० च्या आसपास, दर किलोला २३. बाकीचं तोंडाने. अमिनो आम्लं आणि पाणी मात्र कापू नका, ती कापली तर स्नायू आणि मूत्रपिंडं किंमत मोजतात. दुसरा मार्ग म्हणजे सोयाबीन, एमसीटी म्हणजे मध्यम साखळीची चरबी, ऑलिव्ह आणि मत्स्यतेल यांचं मिश्र लिपिड, ते मिळत असेल आणि परवडत असेल तर. बदल केल्यावर दर आठवड्याला वजन करा. महिन्यात दोन किलोपेक्षा जास्त उतरलं तर कापणी जास्त झाली.

लिव्हर खरंच किती बिघडलंय, हे एकट्या फॉस्फेटेजवरून कळत नाही. ते हाडांतूनही येतं आणि टीपीएनवर हाडं ठिसूळ होतातच. बाबांचं जीजीटी सोबत चढलंय म्हणून ते लिव्हरचं मानायचं, पण वर्षातून एकदा हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन व्हायलाच हवा. लिव्हरमध्ये व्रणासारखा कडकपणा येतोय का, हे प्लेटलेट, प्लीहेचा आकार आणि तो कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन यांवरून कळतं. रक्त गोठण्याचं माप असलेलं आयएनआर वाढलं तर आधी व्हिटॅमिन के शिरेतून देऊन पुन्हा मोजायचं. खाली आलं तर कमतरता होती, नाही आलं तर लिव्हर. आणि पिशवीतलं लिपिड बदलूनही बिलिरुबिन दोन महिन्यांहून अधिक काळ ४.५ च्या वर राहिलं, तर आतड्याच्या प्रत्यारोपणाच्या केंद्रात नाव नोंदवायला पाठवतात. २.४ हा तो आकडा नाही.

कोणी लिव्हरसाठी काढे सुचवले असतील तर ते आजच बंद करा. गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. बाबांच्या लिव्हरला आणखी एक संशयित नको.

आता पहिल्या डॉक्टरांचं म्हणणं: ट्रेस एलिमेंट बंद करा. अर्धं बरोबर आहे. मँगनीज आणि तांबं शरीरातून मुख्यतः पित्तावाटे बाहेर पडतात. पित्त अडलं की ती साचतात. टीपीएनमधून शिरेत दिलेलं मँगनीज आतड्याचा पहारा चुकवून थेट आत जातं, त्यामुळे एरवी अन्नातलं जास्तीचं मँगनीज अडवणारी सोयच इथे उरत नाही. प्रौढाला रोज सुमारे ५५ मायक्रोग्रॅम पुरतं. बाबांच्या अँप्यूलमध्ये त्याच्या नऊपट आहे, आणि हे तीन वर्षं रोज. मँगनीज मेंदूच्या खोल भागात, ग्लोबस पॅलिडसमध्ये, साचतं आणि एमआरआयच्या टी-१ चित्रात तो भाग पांढरा चमकतो. पुढे पार्किन्सनसारखी लक्षणं येतात. हे मँगनीज आजच थांबवण्याजोगं आहे, रिपोर्टची वाट न बघता. रक्तातली पातळी मोजायची तर ती सीरममध्ये नको, पूर्ण रक्तात मोजा, कारण मँगनीज बहुतेक तांबड्या पेशींतच असतं.

तांब्याचं तसं नाही. प्रौढाला रोज ०.३ ते ०.५ मिलिग्रॅम लागतं. अँप्यूलमध्ये दुप्पट आहे, म्हणून कमी करणं योग्य, पण १७५ हा आकडा बघून शून्यावर आणणं धोक्याचं. तांबं रक्तात सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनावर बसून फिरतं आणि दाह झाला की लिव्हर सेरुलोप्लाझ्मिन जास्त बनवतं. सीआरपी ६४ असताना तांबं वर दिसणारच. त्याच कारणाने जस्त खाली दिसतं: दाहात ते रक्तातून लिव्हरकडे ओढलं जातं. म्हणजे तुमच्या हातातले हे दोन्ही आकडे संसर्गाने रंगवलेले आहेत. ते फाईलला लावा, त्यांच्यावरून डोस ठरवू नका. नुसत्या आकड्यावर तांबं महिनोन्महिने बंद ठेवलेल्या रुग्णात आधी हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी घसरतात, मग पायांत मुंग्या येऊन चाल डगमगू लागते. मज्जारज्जूची ही इजा तांबं दिल्यावरही पूर्ण भरून येईलच असं नाही.

त्याहून मोठी गोष्ट मात्र तुमच्या पत्रात नसलेल्या शब्दात आहे. अँप्यूलवर सेलेनियम कुठेच नाही. रोज ६० ते १०० मायक्रोग्रॅम लागणारं सेलेनियम बाबांना तीन वर्षं शिरेतून मिळालेलंच नाही, आणि ७० सेंटिमीटर आतड्यातून किती शोषलं गेलं असेल याचा भरवसा नाही. कमतरता वाढली की मांड्या दुखतात, नखं पांढरी पडतात आणि हृदयाचा स्नायू दुबळा होतो. झडपांसाठी इको होणारच असेल तर हृदयाची आकुंचन क्षमताही त्यातच बघायला सांगा. क्रोमियमची काळजी करू नका. टीपीएनमधली क्रोमियमची कमतरता टोरंटोत डॉ. खुर्शीद जीजीभॉय यांच्या चमूने १९७७ साली दाखवली होती, पण पिशवीतल्या इतर द्रावणांत अशुद्धी म्हणून येणारं क्रोमियम बहुतेकांना पुरतं.

म्हणून चार धातूंची तयार अँप्यूल सोडून सुटी इंजेक्शनं मागा: झिंक आणि सेलेनियम रोज, तांबं कमी मात्रेत आणि मोजून, मँगनीज नाही. जस्ताची ३ ते ५ मिलिग्रॅम ही मात्रा जुलाब नसलेल्या माणसासाठी आहे. लहान आतड्यातून बाहेर जाणाऱ्या दर लिटर द्रवासोबत सुमारे १२ मिलिग्रॅम जस्त जातं, तेव्हा बाबांना दिवसाला किती पातळ शौच होतं ते आठवडाभर मोजून लिहून द्या. जस्त कमी पडलं तर तोंडाभोवती आणि बोटांच्या बेचक्यांत लाल पुरळ येतं, केस गळतात, चव जाते. हे पदार्थ पिशवीत घरच्या टेबलावर सुईने भरायचे नसतात. जिथे पिशवी निर्जंतुक कक्षात तयार होते तिथेच घालून घ्या.

नवे नमुने सीआरपी उतरल्यावर घ्यायचे, आणि लाइनमधून नाही. तिच्यात उरलेला पिशवीतला द्रव रक्तात मिसळला की साखर, पोटॅशियम आणि धातू सगळेच खोटे येतात. शिवाय टोपण जितक्या वेळा उघडाल तितका जंतूंना दरवाजा उघडा. संध्याकाळी, पिशवी जोडण्याआधी, हाताच्या नसेतून आणि दर वेळी त्याच सुमारास नमुना घ्या. जस्तासाठी धातूमुक्त नळी लागते, तिचं टोपण गडद निळं असतं. साध्या नळीच्या रबरी बुचातलं जस्त रक्तात उतरतं आणि कमतरता झाकली जाते. रक्त फुटून लालसर झालेला नमुनाही जस्तासाठी टाकाऊ. तूर्तास दर तीन महिन्यांनी आणि स्थिरावल्यावर दर सहा महिन्यांनी तांबं, जस्त, सेलेनियम मोजा, सोबत त्याच रक्तातलं सीआरपी. ते नसेल तर बाकीचे आकडे वाचता येत नाहीत.

लाइन वाचली किंवा नवी बसली की जोडण्याच्या पद्धतीकडे पुन्हा बघा. हात धुऊन, टोपण २ टक्के क्लोरहेक्सिडिन आणि ७० टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलच्या पुसणीने निदान १५ सेकंद घासायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. घाईत ओल्यावरच सिरिंज लावली तर घासलेलं वाया जातं. पिशवी संपल्यावर लाइनमध्ये हेपरिन भरून ठेवत असाल तर त्याऐवजी सलाईन किंवा टॉरोलिडिन या जंतुरोधक द्रावाचं लॉक विचारा. दुसऱ्यांदा संसर्ग झालेल्याला तर टॉरोलिडिन हवंच.

वहीत तारखेसमोर ताप, वजन, लघवी आणि शौचाचं माप तुम्ही लिहीत असालच. त्यात महिन्याच्या पहिल्या तारखेला बाबांकडून त्यांच्या हाताने दोन ओळी लिहून घ्या, काहीही चालेल, दुधाचा हिशोब सुद्धा. तीन वर्षांपूर्वीची त्यांची सही बँकेच्या कागदावर असेल, ती शेजारी ठेवा. अक्षर बारीक होत चाललं असेल, किंवा ओळीच्या शेवटी आवळत असेल, तर पूर्ण रक्तातलं मँगनीज आणि मेंदूचा एमआरआय लांबणीवर टाकू नका.